चिमठाण्याचा खजिना आणि सत्याग्रहाच्या अटी

शिंदखेडे तालुक्यातील चिमठाणे येथे 14 एप्रिल 1944 रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना भूमिगत क्रांतिकारकांनी लुटला. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे आणि खानदेशातले कार्यकर्ते या कामी एकत्र आले होते, आणि सुमारे साडेपाच लाखांची ती रक्कम इंग्रजी अंमल उलथवण्याच्या कार्याकडे वळवण्याचा त्यांचा हेतू होता. त्यांच्या धैर्याविषयी दुमत नाही. परंतु गांधीजींच्या नावाचाच जयघोष ज्या चळवळीत होत होता, त्या चळवळीतले हे कृत्य सत्याग्रहात बसते का, हा प्रश्न खानदेशाने अद्याप पुरता विचारात घेतलेला नाही.

सत्याग्रहाची पहिली अट उघडेपणाची आहे. 17 ऑक्टोबर 1940 रोजी पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. तेथे नियम असा होता की सत्याग्रहीने आपण कोठे व केव्हा कायदा मोडणार, याची इत्तला अमलदारास आगाऊ द्यावी आणि मिळेल ती शिक्षा निमूटपणे भोगावी. याच विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात अठरा रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. शिक्षा स्वीकारलेल्या माणसाला तुरुंगही कार्यक्षेत्र होतो, याची ती साक्ष आहे. अशी इत्तला देणारा प्रतिपक्षाच्या सद्सद्विवेकावर विश्वास टाकतो. शिवाय कायदेभंगाचे फळ दुसऱ्यावर न लादता स्वतःच्याच शरीरावर घेतो.

आता 1942 कडे पाहावे. 9 ऑगस्टच्या पहाटे पुढारी पकडले गेले, वृत्तपत्रांवर निर्बंध आले, आणि 9 सप्टेंबरला नंदुरबारात मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या जाऊन शिरीषकुमार मेहता व त्याचे चार बालसोबती पडले. क्लेशसहनाने गोळी घालणाऱ्याचे अंतःकरण द्रवेल, हे गृहीत अपुरे आहे, असे मला वाटते. ते क्लेश पाहणारा व त्यामुळे लज्जित होणारा तिसरा कोणी तरी लागतो, आणि बातमीच दाबली गेली की तो उरत नाही. भूमिगतांनी गुप्ततेचा मार्ग धरला तो या पोकळीत.

तरीही गांधीजींनी, 6 मे 1944 रोजी सुटका झाल्यावर, गुप्तता अमान्य करून भूमिगतांना उघड होण्याचा सल्ला दिला. हे मत कठोर वाटते, पण त्याचे कारण लुटीच्या हिशोबात दडलेले आहे: लुटणारा निसटला की सरकारच्या झडत्या आणि चौकशा आसपासच्या गावकऱ्यांवर येण्याचा धोका असतो, आणि त्या गावकऱ्यांनी तर ती शिक्षा स्वखुशीने पत्करलेली नसते. चिमठाण्याचे शौर्य मी कमी लेखत नाही, मात्र त्यास सत्याग्रह म्हणण्यास माझी लेखणी धजत नाही. कारण तेथे हाती शस्त्र होते, आणि सोसण्याची निवड सोसणाऱ्याच्या हाती राहिली नव्हती.