सरकती चौकट

‘कमलकलम’ या मजकुरात ‘कमल’ची अक्षरे उलटसुलट क्रमाने कुठे सापडतात? प्रत्येक तुकडा नव्याने मोजण्याची गरज नाही. तीन अक्षरांची चौकट ठेवायची आणि एकेक घर पुढे सरकवायची. दरवेळी डावीकडचे अक्षर वजा, उजवीकडचे जमा.

संगणक स्थाने शून्यापासून मोजतो. ० वर ‘कमल’, १ वर ‘मलक’, दोन्ही जुळतात. पुढे ‘म’ जाऊन ‘ल’ येतो. ‘लकल’मध्ये ‘ल’ दोनदा, म्हणून नापास. मग ‘ल’ जाऊन ‘म’ येतो, ‘कलम’ जुळतो. उत्तर: ०, १, ३.

मराठीत मात्र सांभाळावे लागते. संगणक काना वेगळा साठवतो, त्यामुळे ‘काम’ आणि ‘कमा’ त्याला सारखेच वाटतात. आधी काना-मात्रांसकट अक्षरे पाडावीत, मगच मोजावीत.