कर्ज फिटलं, पण गहाण सुटलं का?

शेवटचा हप्ता भरला की कर्ज फिटतं; पण मूळ खरेदीखत बँकेतच असेल, तर घर मोकळं झालं असं म्हणता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत सगळे मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजाही उतरवायचा. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

समजा, गडचिरोलीतल्या एकाने ५ जूनला कर्ज फेडलं. मुदत ५ जुलैला संपली, कागद १७ जुलैला मिळाले. बारा दिवसांचे साठ हजार होतात. कागद हरवलेच असतील, तर प्रती काढून द्यायला बँकेला आणखी ३० दिवस मिळतात. खर्च मात्र तिचाच.

म्हणून अर्ज लेखीच द्या. परतफेडीची तारीख, कर्जखाते क्रमांक, कागदांची यादी आणि कागद कुठल्या शाखेत हवेत तेही लिहा. ती निवड आपली असते. पोच घ्या. कागद हाती आले की यादीशी पडताळा, मगच सही करा.