केसांभोवतीची पांढरी कड

चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भाऊ निळ्या आभाळासमोर उभे असतात आणि डोक्याभोवती पांढरी रेघ चमकते. मूळ फोटो पांढऱ्या पडद्यासमोरचा. कडेच्या पिक्सेलमध्ये थोडा केस, थोडा पडदा मिसळलेला असतो.

खांद्यापाशी मास्क एक-दोन पिक्सेल आत घेतला की भागतं. केसांना तेच केलं तर बारीक बटा उडतात आणि भाऊंनी टोप घातल्यासारखं दिसतं!

म्हणून फोटोशॉपच्या Select and Mask मध्ये Refine Edge Brush फक्त केसांच्या कडेवरून फिरवावा. पांढुरकेपणा उरलाच, तर वर क्लिप केलेल्या नव्या लेयरवर शेजारच्याच केसांचा रंग मऊ ब्रशने हलका भरावा. बटांची पारदर्शकता तशीच राहते, रंग तेवढा बदलतो. तपासायला खाली तात्पुरता काळा लेयर ठेवावा, राहिलेली कड लगेच दिसते.