उशीर झाला खरा, पण का झाला?

कऱ्हाडच्या एका पासष्टीच्या बाईंचे उदाहरण घेऊ. बाई कल्पित आहेत, पण अडचण ओळखीची आहे. माहेरच्या जमिनीच्या वाट्याचे पैसे त्यांनी बँकेत मुदतठेवीत ठेवले. आर्थिक वर्ष २०२१-२२ मध्ये त्यावर ४,२०,००० रुपये व्याज जमा झाले. फॉर्म १५एच दिलेला नव्हता, म्हणून बँकेने दहा टक्के म्हणजे ४२,००० रुपये टीडीएस कापला. ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी ५०,००० ची वजावट घेतली की उरतात ३,७०,०००. त्या वर्षी पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट असल्याने कर शून्य. म्हणजे सगळे ४२,००० परत मिळायला हवेत.

पण विवरणपत्र भरलेच गेले नाही. कागदपत्रे यजमान बघायचे. मे २०२२ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. उशिराचे विवरणपत्र भरण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२२ ला संपली, तेव्हा ते अंथरुणालाच खिळून होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते गेले. ठेवीवरचे व्याज ठेवीतच जमा होत असल्याने पासबुकात काही दिसायचे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नूतनीकरणासाठी बँकेत गेल्यावर कपातीचा पत्ता लागला.

अशा वेळी बरेच जण 'अपडेटेड रिटर्न'कडे धावतात. तो रस्ता इथे बंद आहे, कारण त्या विवरणपत्रातून परतावा मागताच येत नाही. खरा रस्ता आहे १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ११९(२)(बी) खाली विलंब माफीचा अर्ज. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत तो करावा लागतो. बाईंचे करनिर्धारण वर्ष २०२२-२३, म्हणजे त्यांना ३१ मार्च २०२८ पर्यंत वेळ आहे. रक्कम एक कोटीपर्यंत असेल तर निर्णय प्रधान आयकर आयुक्त किंवा आयुक्त घेतात, त्यापुढे वरचे अधिकारी.

आयुक्त मुख्यतः तीन गोष्टी बघतात. मागणी खरी आहे का, विलंबामागे वाजवी कारण आहे का, आणि अर्ज नाकारला तर माणसाची खरीखुरी अडचण होते का. पहिली सिद्ध करायला फॉर्म २६एएस, बँकेचे व्याजाचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा हिशेब पुरतो. ठेवीचे पैसे कुठून आले तेही लिहावे. ते यजमानांनी दिलेले असते तर व्याज त्यांच्या उत्पन्नात धरले गेले असते आणि बाईंची मागणीच उभी राहिली नसती.

घोडे अडते ते दुसऱ्या मुद्द्यावर. बहुतेक अर्जांत 'घरातील आजारपणामुळे विवरणपत्र भरता आले नाही' एवढे एकच वाक्य असते. आजारपण खरे असते, पण ते सगळ्या काळाला पुरत नाही. बाईंच्या अर्जात यजमानांचे डिस्चार्ज कार्ड आणि मृत्यूचा दाखला जोडला की नोव्हेंबर २०२३ पर्यंतचा काळ झाकला जातो. पुढच्या वर्षभराचे काय? अधिकाऱ्याचे बोट नेमके तिथेच पडणार. म्हणून तारखांच्या क्रमाने लिहावे: व्यवहार कोण बघायचे, व्याज पासबुकात का दिसले नाही, बँकेत कधी गेलो, कपात कधी कळली आणि त्यानंतर किती दिवसांत अर्ज केला. नूतनीकरणाच्या पावतीवरची तारीख इथे मोलाची ठरते. कळल्यावरही सहा महिने गप्प बसलात, तर आधीचे सगळे आजारपण वाया.

प्रत्येक दिवसाचा हिशेब द्यावा लागतो असे मात्र नाही. १९८७ च्या कातिजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विलंबाच्या अर्जांकडे कीस पाडण्याच्या वृत्तीने बघू नये असे सांगितले आहे. तरी 'नियम माहीत नव्हता' हे कारण लंगडेच. 'सीए विसरला' असे असेल तर सीएचे प्रतिज्ञापत्र हवे, आणि ते द्यायला कोण तयार होतो!

अर्ज पोर्टलवर Services मधल्या Condonation Request या पर्यायातून करता येतो. प्रत्येक वर्षाचा अर्ज वेगळा. बाईंचा २०२३-२४ चाही टीडीएस अडकला आहे, त्यासाठी दुसरा अर्ज लागेल. २०२४-२५ ची मुदत डिसेंबरात संपलेली नव्हती, त्यामुळे तिथे माफीचा प्रश्नच नाही. विवरणपत्र थेट भरायचे.

शक्यतो सहा महिन्यांत निर्णय द्यावा, असे परिपत्रक म्हणते. विभाग मधल्या काळात चौकशी करू शकतो. मंजुरीचा आदेश आला म्हणजे पैसे आले असे नव्हे. त्यानंतर विवरणपत्र भरायचे, त्यात कलम ११९(२)(बी) निवडून आदेशाचा क्रमांक आणि तारीख टाकायची, आणि तीस दिवसांत पडताळणी करायची. ही पडताळणी राहिली तर विवरणपत्र भरलेच नाही असे धरतात आणि हातात आदेश असूनही ४२,००० विभागाकडेच राहतात.