विश्लेषण : बारसूच्या कातळावरील ‘वाघांमधला माणूस’ शिकारी आहे का?

मध्ये माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन वाघ. राजापूर तालुक्यातील बारसूच्या सड्यावरील या कातळशिल्पाचे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. शिल्प आहे जांभ्या खडकाच्या आडव्या सपाटीवर कोरलेले. जमिनीवर उभे राहून ते एका नजरेत मावत नाही, म्हणून छायाचित्र उंचावरून घ्यावे लागते. तेही सकाळी किंवा संध्याकाळी, कारण उन्ह तिरपे असले की खाचांमध्ये सावली पडते. भर दुपारी खाचा जवळपास दिसेनाशा होतात.

हे शिकारीचे चित्र आहे का?

तसे ठामपणे म्हणता येत नाही. माणसाच्या हाती धनुष्य किंवा भाला स्पष्ट दिसत नाही आणि वाघही जखमी वाटत नाहीत. भीमबेटकाच्या रंगचित्रांत मात्र धनुष्यबाण घेतलेले शिकारी सहज ओळखू येतात. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवर दोन वाघांना दोन्ही हातांनी रोखणारा माणूस आहे, त्यामुळे बारसूची तुलना तिच्याशी होते. मांडणी सारखी आहे एवढे खरे, पण तेवढ्यावरून दोन्हींचा काळ किंवा माणसे एक ठरत नाहीत.

मग वय कशावरून सांगतात?

इथेच खरी अडचण आहे. खडकात पाडलेल्या खाचेत कोळसा नसतो, त्यामुळे कार्बन पद्धत लागू पडत नाही. मग अभ्यासक चित्रांतल्या प्राण्यांकडे पाहतात. कोकणातील कातळशिल्पांत गेंडा आहे, आज मात्र तिथे गेंडा नाही. शेतीची चित्रेही दिसत नाहीत. यावरून ही शिल्पे शेतीपूर्व काळातील शिकारी लोकांची असावीत, असा तर्क मांडला जातो.

मात्र गेंड्याची साक्ष वाटते तेवढी पक्की नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांना गुजरातेतील लांघणज येथे मध्याश्मयुगीन थरात गेंड्याच्या खांद्याचे हाड मिळाले होते. पण गेंडा सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरही आहे आणि सोळाव्या शतकात बाबराने वायव्य भागात गेंड्यांची शिकार केल्याचे स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणजे नुसत्या गेंड्यावरून शिल्प दहा हजार वर्षांचे ठरत नाही. शेतीच्या चित्रांचेही तसेच. भात पिकवणाऱ्याने सड्यावर भाताचेच चित्र काढावे असे थोडेच आहे?

थेट पुरावा मिळू शकतो का?

काही शिल्पे मातीखाली दबली होती, ती नंतर मोकळी केली गेली. खाचेत साचलेल्या मातीच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला, हे प्रयोगशाळेत मोजता येते. शिल्प त्या मातीपेक्षा जुनेच असणार. पण किती जुने, ते यातून कळत नाही. शिवाय सड्यावर कोकणचा पाऊस दरवर्षी माती धुऊन नेतो आणि नवी आणून टाकतो. अशा मातीचा नमुना घेतला, तर उत्तर फक्त अलीकडच्या पावसाळ्यांचे मिळते. त्यामुळे मोकळे करण्याआधीच, न हललेल्या थरातून आणि अंधारात नमुना घ्यावा लागतो. झाडून, धुऊन स्वच्छ केलेल्या शिल्पाकडे हा पुरावा उरत नाही.

बारसूसह आठ ठिकाणे महाराष्ट्रातील आणि एक गोव्यातील, अशी नऊ ठिकाणे 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत.