आठ की सोळा? विद्यार्थ्याचा लॅपटॉप घेताना

बारावीचा निकाल लागला की पार्ल्यातील घरोघरी दोन चौकशा सुरू होतात. एक मिठीबाई, एन. एम., साठ्ये किंवा डहाणूकरच्या प्रवेशाची, आणि दुसरी लॅपटॉपची. दुकानदार एकाच मॉडेलचे दोन भाव सांगतो, आठ जीबी मेमरीचा आणि सोळा जीबीचा. मधला फरक काही हजारांचा असतो. तो द्यावा की वाचवावा, हे मात्र तो क्वचितच नीट समजावून सांगतो.

मेमरी म्हणजे साठवणीची जागा नव्हे. दुकानाच्या भाषेत डिस्क हे गोदाम आणि मेमरी हे काउंटर. गिऱ्हाइकापुढे उघडलेला माल काउंटरवर मावला तर काम झरझर होते. मावला नाही तर माणूस सारखा गोदामात पाठवावा लागतो. संगणकही मेमरी भरली की वापरात नसलेला भाग डिस्कवर ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. ‘लॅपटॉप अडकतो’ ही तक्रार बऱ्याचदा याच येरझारांची असते.

अशा एका घरात बी.कॉम.ला जाणाऱ्या मुलीसाठी खरेदी करायची होती. थोरल्या भावाकडे आठ जीबीचा लॅपटॉप होताच. वडिलांनी आधी त्याचाच हिशेब पाहायचे ठरवले. `Ctrl + Shift + Esc` दाबून `Task Manager` उघडला आणि `Performance` मध्ये `Memory` पाहिली. आठपैकी काही भाग चित्रदर्शनासाठी राखीव असल्याने वापरण्याजोगी मेमरी ७.७ जीबीच होती. विंडोज ११ सुरू होताच ३.४ जीबी खर्ची पडले. ब्राउझरमध्ये बारा पाने उघडली, आकडा ५.३ वर गेला. एक्सेल व वर्ड उघडल्यावर ५.९. इथवर सारे सुरळीत. ऑनलाइन वर्ग सुरू झाला आणि आकडा ६.९ झाला, त्यानंतर जुन्या पानावर परतताना दोन-तीन सेकंदांची खोळंबा होऊ लागला आणि त्याच वेळी `Disk` चा आलेख उसळू लागला. मेमरी अपुरी पडल्याची खूण ती हीच. नुसती टक्केवारी पाहून घाबरू नये. मेमरीची चणचण नसेल तर चालू प्रोग्रामांचा सध्या न लागणारा भागही विंडोज मेमरीतच राहू देते. सोळा जीबीच्या यंत्रावर हेच काम अधिक मेमरी खाताना दिसेल, तेही याच कारणाने.

यावरून निष्कर्ष निघाला तो असा : लेखन, हिशेबाचे तक्ते आणि बेताने उघडलेली पाने एवढ्यासाठी आठ जीबी पुरतात. वर्ग, वीस-पंचवीस पाने आणि मोठा तक्ता एकाच वेळी चालणार असतील तर पुरत नाहीत. पण लॅपटॉप तीन-चार वर्षे वापरायचा असतो आणि तेवढ्या काळात प्रणाली व संकेतस्थळे जड होतच जातात. म्हणून खरा प्रश्न निराळाच ठरतो : मेमरी पुढे वाढवता येईल का?

भावाच्या यंत्रात ती वाढवता येत नव्हती. पातळ लॅपटॉपांत मेमरीच्या चिप मुख्य बोर्डावरच जडवलेल्या असतात. माहितीपत्रकात मेमरीचे नाव `LPDDR` ने सुरू होत असेल तर जवळजवळ नेहमीच तसे समजावे. असे यंत्र घ्यायचे असल्यास सोळाच घ्यावेत. तिथे आज वाचवलेले पैसे पुढे नवा लॅपटॉप घेण्यात जातात. `SODIMM` असे लिहिले असेल आणि एक खाच रिकामी असेल तर आज आठ घेऊन गरज पडल्यावर आणखी आठ बसवता येतात. मात्र डीडीआर४ च्या खाचेत डीडीआर५ ची पट्टी बसत नाही, आणि यंत्र उघडल्याने हमीवर काय परिणाम होतो हे खरेदीआधीच विचारून घ्यावे.

सोळा जीबीने सारेच दुखणे बरे होते असेही नाही. घरातील वाय-फाय मंद असेल तर पान मंदच उघडेल. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या सोळा जीबी यंत्रापेक्षा एसएसडी असलेले आठ जीबीचे यंत्र या कामांना केव्हाही बरे.

मुलीसाठी लॅमिंग्टन रोडवर दोन यंत्रे पसंत पडली. एक देखणे, पातळ, बोर्डावर जडवलेल्या आठ जीबीचे. दुसरे थोडे जाड, आठ जीबीची एक पट्टी आणि एक मोकळी खाच असलेले. मुलीचा ओढा पहिल्याकडे होता. सोळा जीबीचे पहिले यंत्र दुकानात नव्हते, तेव्हा दुसरे ठरले. पैसे देण्यापूर्वी वडिलांनी तिथेच `Task Manager` उघडायला लावला. `Slots used` समोर `1 of 2` दिसले. जडवलेल्या चिपही हा आकडा कधी कधी खाच म्हणून मोजतो, म्हणून `Form factor` पुढे `SODIMM` आहे ना, तेही पाहिले. नंतरच बिल केले.