शनिवारवाड्याचा फोटो खरंच २६ जानेवारीचा आहे का?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, समजा ग्रुपवर फोटो आला: शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर मुलं उभी आहेत आणि खाली लिहिलंय, ‘२६ जानेवारी, सकाळी १०’. हे कसं तपासायचं?

दिल्ली दरवाज्याचं तोंड उत्तरेला आहे. जानेवारीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून दरवाजा सावलीत हवा. सकाळी १० ला सूर्य आग्नेयेला असतो, म्हणजे सावली वायव्येला पडते. दरवाज्याकडे बघणाऱ्याला ती स्वतःकडे आणि थोडी उजवीकडे येताना दिसेल. लांबी उंचीच्या साधारण दीडपट, म्हणजे चार फुटांच्या मुलाची सावली सहा फूट.

आता फोटोत दरवाज्यावरच ऊन पडलंय आणि सावल्या दरवाज्याकडे जातायत, तर तारीख चुकली. असं ऊन साधारण मार्चअखेर ते सप्टेंबरच्या मध्येच मिळतं. त्यात रस्ता ओला आणि मुलांच्या हातात छत्र्या असतील, तर फोटो बहुधा पावसाळ्यातला.

पण सावली वर्ष सांगत नाही. दरवर्षी त्या तारखेला सूर्य जवळपास तिथेच असतो. वर्षासाठी मागचे फलक, दुकानांच्या पाट्या बघाव्या लागतात. ढगाळ दिवशी सावलीच नसते, मग काही ठरवू नये. फोटो आरशासारखा उलटवला असेल तर डावं-उजवं फसवतं. ते पाटीवरच्या उलट्या अक्षरांवरून कळतं.

मुलांना आधी शाळेच्या मैदानात १० वाजता काठीची सावली मोजायला लावा, मग फोटो दाखवा.